आंब्याच्या ऑनलाइन बुकिंगमध्ये पेमेंट कुठे अडते: नोंदी, एप्रिल–मे २०२५

भावाची देवगडला हापूसची बाग आहे. चार वर्षांपासून आम्ही पेट्या थेट ग्राहकांना विकतो. झाडे, तोडणी आणि पॅकिंग दादा बघतो. वेबसाइट आणि हिशेब मी कोल्हापुरातून बघते. साधारण ऑर्डर ३,२०० रुपयांची असते. यंदा पेमेंट अडकल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा कोणत्या मार्गाने आणि कोणत्या बँकेकडून पैसे येत नाहीत हे मोजायला बसले. माझ्यासारखाच छोटा विक्रेता हे करायला बसला तर माझे वाया गेलेले दिवस त्याचे वाचावेत, म्हणून या नोंदी. कोणत्याही बँकेचे नाव घेतलेले नाही, क, ख, ग, घ असे लिहिले आहे.

१४ एप्रिल, सोमवार

दादाचा सकाळी फोन आला. "लोक म्हणतायत पैसे जात नाहीत. सगळे त्या एकाच बँकेचे नाव घेतात. तुझ्याकडे काय दिसतंय?" माझ्याकडे काहीच दिसत नव्हते. ग्राहकाचे ऑनलाइन पैसे आमच्यापर्यंत पोचवणारी कंपनी म्हणजे गेटवे. मी रोज रात्री अकराला तिच्याकडून मेलवर येणारा अहवाल बघत होते. त्यात किती रुपये जमा झाले एवढेच असते, किती लोक परत गेले ते नसते.

गेटवेच्या डॅशबोर्डवरून १ ते १३ एप्रिलची सगळी पेमेंट उतरवली. २,१०४ ओळी आल्या, त्यातल्या १,०७१ ओळींवर `captured` होते, म्हणजे पैसे आले. भागाकार करून दादाला कळवले की निम्मी पेमेंट फेल होतात. त्याने ते ऐकून तोडणीचे गडी कमी करायचे का असे विचारले. तेव्हा मला आकड्याची जबाबदारी कळली आणि मी फाइल पुन्हा उघडली.

२१४ ओळींवर `created` होते. ग्राहकाने पेमेंटचे पान उघडले आणि काहीही न निवडता बंद केले, अशा त्या ओळी. त्यांना फेल म्हणता येत नाही, कारण तिथे प्रयत्नच झालेला नाही. त्या काढल्यावर १,८९० प्रयत्न उरले आणि यशाचा दर ५७ टक्क्यांवर आला. पण एकच माणूस चार-चारदा प्रयत्न करतो. ऑर्डरनंबरनुसार गोळा केले तर १,२६० ऑर्डरींसाठी किमान एक खरा प्रयत्न झाला होता आणि त्यातल्या १,०७१ चे पैसे आले होते. म्हणजे ८५ टक्के.

एकाच फाइलमधून ५१, ५७ आणि ८५ असे तीन आकडे निघाले. तिन्ही बरोबर आहेत, पण तिघांचा प्रश्न वेगळा आहे. माल किती तोडायचा हे ठरवायला ऑर्डरीचा आकडा लागतो. कोणता मार्ग बिघडलाय हे शोधायला प्रयत्नांचा लागतो. `created` धरून काढलेला आकडा दोन्हीला निरुपयोगी. पुढे सगळीकडे हे दोनच आकडे ठेवले:

```python
import pandas as pd
df = pd.read_csv("payments.csv", dtype=str)
df = df[df.status != "created"]
df["ok"] = df.status == "captured"
by_try = df.groupby("method").ok.mean()
by_order = df.groupby("order_id").ok.any().mean()
```

`dtype=str` विसरू नका. आधी मी फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली होती, त्यात कार्डाचा `05` हा कोड `5` झाला आणि कोडच्या यादीशी जुळेना. ते शोधण्यात दीड तास गेला.

१५ एप्रिल

रोजच्या मेलमधल्या यशस्वी पेमेंटची बेरीज केली तर १,०४६ आली. कालच्या ताज्या फाइलमध्ये १,०७१. पंचवीस पेमेंट कुठून आली?

ती उशिरा आलेली आहेत. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, पण बँकेचे उत्तर गेटवेपर्यंत वेळेत पोचले नाही. गेटवेने त्या क्षणी फेल म्हटले, नंतर चौकशी करून ओळ `captured` केली. काहींना वीस मिनिटे लागली, काहींना दुसरा दिवस उजाडला. आमच्या वेबसाइटने मात्र पहिल्याच उत्तरावर "पेमेंट झाले नाही, पुन्हा प्रयत्न करा" असे दाखवले. पंचविसांपैकी सहा जणांनी नवी ऑर्डर टाकून दुसऱ्यांदा पैसे भरले. ठाण्याच्या एका काकूंचे ३,२०० रुपये दोनदा गेले होते आणि त्यांनी संकोचाने फोनही केला नव्हता. सहाही जणांचे जादा पैसे आज परत केले आणि प्रत्येकाला फोन केला.

यातून दोन गोष्टी ठरवल्या. विश्लेषणाची फाइल त्या दिवसाची कधीच घ्यायची नाही, दोन-तीन दिवस थांबून उतरवायची. आणि ग्राहकाला पुन्हा पैसे भरायला सांगण्याआधी गेटवेला त्या ऑर्डरची स्थिती एकदा विचारायची.

ज्यांचे पैसे कट झाले पण आमच्याकडे आलेच नाहीत, त्यांना काय सांगायचे हेही आज नीट वाचून घेतले. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने दुकानदाराला केलेले पेमेंट असे अडकले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत जायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. फोनवर आता हेच सांगते. "बघतो, येतील" यापेक्षा लोकांना याने धीर येतो.

१६ एप्रिल

मार्गानुसार फोड. यूपीआयचे १,५२० प्रयत्न, ५५ टक्के यश. कार्डाचे २६२, यश ६५ टक्के. नेटबँकिंगचे १०८, यश ५४ टक्के.

इथेच थांबले असते तर "यूपीआय वाईट, कार्ड चांगले" असा निष्कर्ष निघाला असता. पण यूपीआय हा एक मार्ग नाही. आमच्या पानावर त्याच्या तीन वाटा आहेत: मोबाइलवर बटण दाबले की थेट ॲप उघडते ती इंटेंट, कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणारा क्यूआर, आणि यूपीआय आयडी टाइप केल्यावर ग्राहकाच्या ॲपवर मागणी जाते ती कलेक्ट. गेटवेच्या फाइलमध्ये हे `flow` या वेगळ्या रकान्यात असते. तो रकाना मूळ फाइलमध्ये नव्हता, निर्यात करताना टिक करून घ्यावा लागला.

इंटेंटचे ९६० प्रयत्न, यश ६७ टक्के. क्यूआरचे २१०, यश ६३ टक्के. कलेक्टचे ३५०, यश २० टक्के.

पाचातला एक! आणि हा रस्ता आमच्या पानावर सगळ्यात वर होता. दोन वर्षांपूर्वी बहुतेक बुकिंग कॉम्प्युटरवरून यायचे, तेव्हा मीच तो वर ठेवला होता. नंतर बुकिंग मोबाइलवर आले आणि मी पान बदललेच नाही.

कलेक्टचे २८० फेल कोडनुसार बघितले. त्यात १७१ `U69`, म्हणजे मागणीची मुदत संपली. आमची मुदत पाच मिनिटांची होती. ग्राहक आयडी टाकतो, ब्राउझर सोडून ॲपमध्ये जातो, तिथे मागणी कुठे आली आहे हे शोधतो, आणि वेळ संपते. ३४ `ZA` होते, म्हणजे मागणी पोचली आणि ग्राहकाने स्वतः नाकारली. त्यातल्या नऊ जणांना मी फोन केला. सात जणांचे उत्तर एकच: "पैशांची मागणी आली की नाकारायची असं बँकच सांगते ना?" बरोबर आहे त्यांचे. फसवणुकीच्या बातम्या ऐकून शहाणा झालेला माणूस अनोळखी नावाच्या मागणीवर पिन टाकत नाही, आणि आमच्या मागणीवर बागेचे नाव नाही, नोंदणीकृत फर्मचे नाव दिसते. उरलेल्या ७५ मध्ये बहुतेक `ZH`, चुकीचा टाइप केलेला आयडी.

यात कोणत्याही बँकेचा दोष नाही. २८० फेल आमच्या पानाच्या रचनेतून आलेले.

१७ आणि १८ एप्रिल: वाया गेलेले दिवस

बँकेनुसार फोड करायला यूपीआय आयडीचा शेपटाकडचा भाग घेतला. `@` च्या पुढे जे असते ते. त्यावर गट केले, सुंदर तक्ता तयार झाला, आणि एका बँकेच्या शेपटाचा दर फार कमी दिसला. तीच बँक, जिचे नाव दादाने घेतले होते. मी गेटवेच्या सपोर्टला लांबलचक तक्रार पाठवली, तक्ता जोडून.

दुसऱ्या दिवशी तिथल्या इंजिनिअर बाईंनी फोन केला. त्यांनी विचारले, "ताई, तुमचं स्वतःचं खातं कुठल्या बँकेत आहे, आणि तुमच्या आयडीच्या शेवटी काय आहे?" माझे खाते जिल्ह्यातल्या सहकारी बँकेत. आयडीच्या शेवटी `@okaxis`.

मग समजले. `@` च्या पुढचा भाग ॲपला यूपीआयच्या जाळ्यात आणणाऱ्या बँकेचा असतो, ग्राहकाच्या खात्याच्या बँकेचा नाही. गूगल पेवाल्याच्या आयडीला `@oksbi` लागलेले असू शकते आणि पैसे भलत्याच बँकेतून जाऊ शकतात. `@ybl` म्हणजे साधारणपणे फोनपे, त्यामागे देशातल्या कुठल्याही बँकेचे खाते असू शकते. माझा तक्ता बँकांचा नव्हताच, तो ॲपांचा होता. तक्रार मागे घेतली.

शेपटाचा उपयोग आहे, पण वेगळा. एखादे ॲप किंवा त्याच्या मागची बँक तासभर बिघडली तर त्या शेपटाचे सगळे प्रयत्न एकदम पडतात, मग ग्राहकांची खाती कुठेही असोत. खात्याची बँक बघायची असेल तर गेटवेकडून `payer_bank` चा रकाना मागून घ्यावा लागतो. आमच्या गेटवेने तो विनंतीवरून सुरू केला, मागच्या तारखांसकट. जादा पैसे लागले नाहीत.

१९ एप्रिल

नवी फाइल आली. कलेक्ट बाजूला ठेवून फक्त इंटेंट घेतले, कारण बँकांची तुलना करायची तर रस्ता एकच हवा. एखाद्या बँकेचे ग्राहक कलेक्टने जास्त येत असतील तर ती बँक उगाच वाईट दिसते.

९६० पैकी १४८ ओळींमध्ये `payer_bank` रिकामा होता, आणि त्या सगळ्या फेल. आधी वाटले गेटवेची चूक. पण ॲप उघडून खाते न निवडताच परत फिरलेल्या माणसाची बँक कळणार कशी? या ओळी कोणत्याच बँकेच्या खात्यावर टाकता येत नाहीत. त्या वेगळ्या ठेवल्या. हे ध्यानात ठेवून पुढचे दर वाचा: बँकनिहाय दर खऱ्यापेक्षा थोडे चांगलेच दिसतात, कारण आधीच परत गेलेले लोक त्यात नाहीत.

उरलेल्या ८१२ मध्ये बँक क चे ३०० प्रयत्न, यश ७६ टक्के. ख चे १६०, यश ८२. ग चे १०४, यश ८४. बँक घ ही आमच्याच भागातली सहकारी बँक, तिचे ५८ प्रयत्न आणि यश ५२ टक्के. बाकी सगळ्या बँका मिळून १९० आणि यश ८६. बाकीच्यांमध्ये बऱ्याच बँकांचे पाच-दहाच प्रयत्न होते. नऊपैकी पाच यशस्वी म्हणजे ५६ टक्के असे लिहिता येते, पण आणखी एक ग्राहक आला तर तो आकडा उडी मारतो. पन्नासच्या खाली प्रयत्न असलेल्या बँकेचा दर मी लिहितच नाही.

तक्रारी क च्या नावाने का येत होत्या तेही दिसले. क चे ७१ प्रयत्न फेल, घ चे फक्त २८. क आमची सगळ्यात मोठी बँक आहे म्हणून तिच्या ग्राहकांचे फोन जास्त. फोनची संख्या आणि बिघाड या वेगळ्या गोष्टी निघाल्या.

२० एप्रिल, रविवार: `U30` च्या आत

कोड वाचायला बसले. इंटेंटच्या ज्या १७२ फेलमध्ये ग्राहकाची बँक कळली होती, त्यांपैकी ११८ वर एकच कोड होता, `U30`. त्याचा अर्थ यादीत "डेबिट झाले नाही" एवढाच. का झाले नाही, ते त्यात नाही. खात्यात पैसे नव्हते तरी `U30`, पिन चुकला तरी `U30`, बँकेची यंत्रणा बंद होती तरी `U30`. पाकीट बघून पत्रातला मजकूर ओळखण्यासारखे ते आहे. आतला कोड बँकेने पाठवलेला असतो, गेटवेकडे असतो, पण साध्या निर्यातीत येत नाही. इंजिनिअर बाईंना पुन्हा विचारले आणि त्यांनी तो वेगळ्या रकान्यात दिला.

आतले कोड मी दोन ढिगांत टाकले. यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआयही बँकांचे मासिक आकडे असेच मांडते: एक ढीग ग्राहकाच्या बाजूच्या कारणांचा, ज्याला बिझनेस डिक्लाइन म्हणतात, आणि दुसरा यंत्रणेच्या बिघाडाचा, टेक्निकल डिक्लाइन. `Z9` म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत, `ZM` म्हणजे पिन चुकला, `Z8` आणि `Z7` म्हणजे रकमेची किंवा दिवसातल्या व्यवहारांच्या संख्येची मर्यादा ओलांडली. ही पहिल्या ढिगातली. `XY` म्हणजे पैसे देणाऱ्या बँकेची कोअर यंत्रणा, खात्यांचा हिशेब ठेवणारी, बंद, `UT` म्हणजे त्या बँकेकडून वेळेत उत्तर नाही. ही दुसऱ्या.

बँक क चे ७१ असे फुटले: `Z9` ३३, `ZM` १३, मर्यादांचे ६, टेक्निकल १९. आणि त्या १९ पैकी १६ एकाच दिवशीचे होते, शनिवार १२ एप्रिल. त्या दिवशी देशभर यूपीआय कोलमडले होते, सगळ्यांना आठवत असेल. तो दिवस काढला की क चे २६६ प्रयत्न उरतात आणि टेक्निकल फेल फक्त तीन. म्हणजे जिच्यावर दोन आठवडे राग होता त्या बँकेची यंत्रणा आमच्यापुरती चोख चालत होती.

`Z9` चे ३३ प्रयत्न मात्र चौदाच माणसांचे होते. एकाने सातदा केला. खात्यात पैसे नाहीत आणि आमचे पान त्याला सातही वेळा "पुन्हा प्रयत्न करा" म्हणत होते.

बँक घ चे २८: `Z9` ४, `ZM` ३, टेक्निकल २१. यातले १२ तारखेचे फक्त दोन. उरलेले १९ तासानुसार लावले तर १४ रात्री अकरा ते बाराच्या मध्ये, बहुतेक `XY`. रात्री बँक दिवसाचा हिशेब बंद करते तेव्हा छोट्या बँकांची कोअर यंत्रणा थोडा वेळ अडते. पण आंबे घ्यायला लोक रात्री अकरालाच का येत होते?

कारण आम्हीच बोलावत होतो. अर्धवट राहिलेल्या ऑर्डरींना आठवणीचा व्हॉट्सॲप मेसेज रात्री अकराला जायचा. दिवसभराचा अहवाल अकराला येतो म्हणून मेसेजही मी त्याच वेळेला जोडला होता. आमच्या भागातले ग्राहक लिंक दाबायचे, त्यांची बँक त्या तासाला अडलेली असायची.

मेसेजची वेळ आज सकाळी दहा केली. पाच मिनिटांचे काम.

२२ एप्रिल: कार्ड

२६२ प्रयत्नांपैकी ९१ फेल. ४६ मध्ये ओटीपीच टाकला गेला नाही किंवा चुकला, म्हणजे बँकेपर्यंत पैसे मागायची पायरीच आली नाही. यावर आमच्या हातात फारसे काही नाही.

उरलेल्यांत बँकेचे कोड आहेत आणि इथे एक कोड मी चुकीचा वाचत होते. `57`, सतरा वेळा. यादीत अर्थ आहे, कार्डधारकाला हा व्यवहार करायची परवानगी नाही. मला वाटले कार्ड ब्लॉक झालेले असेल. पण हे लोक त्याच कार्डाने दुकानात खरेदी करत होते. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार नवे कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनसाठी चालू असते. ऑनलाइन वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो, आणि ज्या कार्डाने कधीच ऑनलाइन खरेदी झालेली नव्हती त्यांचा तो वापर बंद करायला बँकांना सांगितले होते. बँकेच्या ॲपमध्ये एक बटण सरकवले की काम होते. तिघांना फोनवर सांगितले, तिघांचेही पेमेंट लगेच गेले.

`51`, म्हणजे पुरेशी रक्कम नाही, बारा वेळा. `05` नऊ वेळा. `05` चा अर्थ बँकेने नकार दिला, कारण सांगितले नाही. त्यावर डोके खपवू नका. बँकेने मुद्दाम न सांगितलेले कारण आपण ओळखू शकत नाही. ग्राहकाला दुसरा मार्ग सुचवायचा, बस.

२३ एप्रिल: बदल

ओळखीच्या डेव्हलपरकडून पान बदलून घेतले. ६,५०० रुपये आणि दोन संध्याकाळी. मोबाइलवरून कलेक्ट पूर्ण काढले. कॉम्प्युटरवर क्यूआर सगळ्यात वर आणला, कलेक्ट खाली एका छोट्या दुव्यात ठेवले, मुदत पाचवरून पंधरा मिनिटे. यूपीआयवर दिसणारे नाव बदलून बागेचे नाव लावायला गेटवेला कागदपत्रे दिली, त्याला चार दिवस लागले.

सगळ्यात जास्त वेळ मेसेजवर घालवला. प्रत्येक फेलला "पुन्हा प्रयत्न करा" म्हणणे हा माझा सगळ्यात महाग निर्णय होता. `ZM` ला पुन्हा प्रयत्न करा म्हटले की माणूस घाईत तोच चुकीचा पिन टाकतो. कुडाळच्या एका काकांचे असेच `Z6` पर्यंत गेले, म्हणजे पिनचे प्रयत्न संपले, आणि त्या दिवसापुरते त्यांचे यूपीआय बंद झाले. ते आमच्यामुळे झाले. मी त्यांची माफी मागितली.

आता `Z9` आणि `51` ला पान म्हणते, "या खात्यातून ही रक्कम जात नाही, दुसरे खाते किंवा कार्ड निवडा." खात्यात पैसे नाहीत असे तोंडावर लिहायचे नाही असे वहिनीने सुचवले, कारण फोन पुष्कळदा मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या हातात असतो. `ZM` ला, "पिन जुळला नाही, सावकाश टाका." `57` ला कार्डाचा ऑनलाइन वापर कसा सुरू करायचा ते. `XY`, `UT` वगैरेंना, "तुमच्या बँकेकडून उत्तर आले नाही. पैसे कट झाले असतील तर पुन्हा भरू नका, पेटी अर्धा तास तुमच्या नावावर ठेवली आहे." त्या अर्ध्या तासात सर्व्हर दर काही मिनिटांनी गेटवेला स्थिती विचारतो.

९ मे

२४ एप्रिल ते ६ मे, तेरा दिवस, मधे ३० तारखेची अक्षय्य तृतीया. फाइल तीन दिवस थांबून आज उतरवली.

१,३९६ ऑर्डरी, त्यातल्या १,२७० चे पैसे आले. ९१ टक्के. आधीचे ८५. दादाला सांगायच्या आधी १२ एप्रिलचा दिवस जुन्या आकड्यातून काढला: त्या दिवशीच्या ११८ ऑर्डरींपैकी ७१ च पूर्ण झाल्या होत्या. तो दिवस वगळला तर आधीचा दर ८७.६ निघतो. म्हणजे खरी वाढ जेमतेम साडेतीन टक्के, सहा नव्हे. त्यातही अक्षय्य तृतीयेला जुने ग्राहक जास्त येतात आणि ते तसेही पैसे भरतातच. सगळे श्रेय नव्या पानाला देता येणार नाही. १ एप्रिलला बँकांचे वर्षअखेरचे काम असते म्हणून तो दिवसही काढून पाहिला, त्याने आकडा हलला नाही.

एक आकडा मात्र मला ठाम वाटतो. जुन्या तेरा दिवसांत प्रत्येक ऑर्डर तिच्या पहिल्या प्रयत्नाच्या मार्गावर टाकली. इंटेंटने सुरुवात केलेल्या ६९० ऑर्डरींपैकी ६२१ शेवटी पूर्ण झाल्या, ९० टक्के. कलेक्टने सुरुवात केलेल्या २४० पैकी १६६, म्हणजे ६९. पहिला मार्ग फसल्यावर बरेच लोक दुसऱ्या मार्गाने आले, पण ७४ आलेच नाहीत. इंटेंटच्या दराने हिशेब केला तर त्यातल्या पन्नासेक पेट्या विकल्या गेल्या असत्या, दीड लाखाच्या वर. कॉम्प्युटरवरचे ग्राहक मुळात वेगळे असू शकतात, म्हणून हा आकडा वरचा धरा.

बँक घ चे या वेळी ४९ प्रयत्न, माझ्याच नियमाने दर लिहायला एक कमी. टेक्निकल फेल फक्त तीन, आधी २१ होते. दोनदा पैसे भरलेला ग्राहक एकही नाही.

`payer_bank` रिकामा असलेल्या ओळी मात्र तेवढ्याच आहेत. लोक ॲप उघडतात आणि खाते न निवडता परत येतात. दहा जणांना फोन केला: चौघे फक्त डिलिव्हरीसकट एकूण रक्कम किती होते ते बघत होते. ती रक्कम आमच्या पानावर पेमेंटच्या बटणानंतरच दिसते. डेव्हलपरला तेवढे बदलायला सांगितले आहे, पण यंदाचे बुकिंग २० मेला बंद होईल, तोवर पुरेसे प्रयत्न जमणार नाहीत. मोजणी पुढच्या मार्चमध्ये.